नाकातलं टर्बिनेट वाढलंय, ऑपरेशन सांगितलंय. करावं की थांबावं?

चोपडा_जिनिंग
राम राम मंडळी. वय ३४, चोपड्याकडे जिनिंगमध्ये सुपरवायझर आहे. बरीच वर्षं नाक बंद राहतं. दिवसा एक नाकपुडी चालते, मग ती बंद होऊन दुसरी सुटते. रात्री आडवं झालं की दोन्ही जातात. ज्या कुशीवर झोपावं ती खालची नाकपुडी आधी बंद. सगळी रात्र तोंडाने श्वास, सकाळी घसा कोरडा आणि डोकं जड. शिंका किंवा डोळ्यांना खाज असं फारसं नाही, पण कापसाची धूळ उडाली की नाक लगेच भरतं.

जळगावला दाखवलं, सीटी काढला. रिपोर्टमध्ये लिहिलंय की दोन्हीकडची इन्फिरिअर टर्बिनेट वाढलेली आहेत, उजवीकडे जास्त, आणि मधला पडदा थोडा डावीकडे वाकलेला आहे. डॉक्टर म्हणाले टर्बिनेट कमी करून टाकू, पण घाई नाही, विचार करून या. रात्री नाकात थेंब टाकतो तेवढ्यापुरती झोप लागते. कुणी हे ऑपरेशन केलंय का? फरक पडतो का?

आप्पा_धरणगाव
भाऊ, थांबून काही होत नाही. आमच्या साल्याचं हेच होतं. अर्धवट जाळून घेतलं की ते मांस पुन्हा वाढतं, दोन-तीन वर्षांत परत तेच. म्हणून डॉक्टरला स्पष्ट सांगायचं की मुळापासून काढा. साल्याने तसंच केलं, आज दहा वर्षं झाली, घोरणंसुद्धा कमी झालं.

यावलची_माई
माझ्या मुलालाही हेच सांगितलंय, मांस वाढलंय म्हणून. सहा वर्षांचा आहे, तोंड उघडं ठेवून झोपतो, घोरतो, अलीकडे हाक मारली तर दोनदा मारावी लागते. इतक्या लहानपणी हे टर्बिनेटचं ऑपरेशन चालतं का?

कानघसा_धुळे
मी धुळ्यात कान-नाक-घसा बघतो. आधी ताईंचं. ताई, सहा वर्षांच्या मुलात तोंडाने श्वास, घोरणं आणि ऐकू कमी येणं हे तिन्ही एकत्र असतील, तर बहुतेक वेळा ते नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या बाजूला असलेले अ‍ॅडिनॉइड असतात, टर्बिनेट नव्हे. त्याने कानात पाणी साठतं. कानाची तपासणी करून घ्या, लांबवू नका. या धाग्यातलं बाकीचं त्याला लावू नका.

आता चोपड्याचे दादा. टर्बिनेट ही प्रत्येकाच्या नाकात जन्मापासून असतात. नाकाच्या बाहेरच्या भिंतीवर लांबट हाड आणि त्यावर जाड अस्तर. या अस्तरात रक्ताने भरणाऱ्या आणि रिकाम्या होणाऱ्या पोकळ्या असतात. आत येणारी हवा कोमट आणि ओली करायची म्हणून ते असतं. जळगाव-भुसावळच्या उन्हाळ्यात पंचेचाळीस डिग्रीची कोरडी हवा फुप्फुसात तशीच जात नाही, ती यामुळेच. म्हणून आप्पा म्हणतात तसं मुळापासून काढणं मला मान्य नाही. ते पुन्हा वाढू शकतं हे मात्र त्यांचं खरं आहे, त्यावर पुढे बोलू.

तुम्ही लिहिलेल्या दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. एक नाकपुडी सुटते तेव्हा दुसरी भरते, हे निरोगी नाकातही काही तासांच्या अंतराने चालू असतं. आडवं झाल्यावर आणि खालच्या कुशीला अस्तर जास्त भरतं हेही सगळ्यांचंच होतं. ज्याचं नाक मुळात मोकळं आहे त्याला ते कळत नाही, तुमचं आधीच अरुंद झाल्यामुळे कळतं. म्हणून सीटीत उजवं टर्बिनेट मोठं दिसलं तरी एकट्या सीटीवर निर्णय घ्यायचा नसतो. फोटो काढला त्या घडीला उजवी बाजू भरलेली असेल तर ती मोठी दिसणारच. तासाभराने काढला असता तर कदाचित डावी दिसली असती.

आता मला सांगा, थेंब कोणते, किती दिवसांपासून, आणि टाकल्यावर किती वेळात कोणती नाकपुडी सुटते?

चोपडा_जिनिंग
डॉक्टरसाहेब, बाटलीवर झायलोमेटाझोलिन लिहिलंय. आधी फक्त सर्दीत टाकायचो. तीनेक वर्षांपासून रोज रात्री, या सीझनपासून दिवसातून तीन-चार वेळा लागतात. टाकल्यावर दहा मिनिटांत डावी बाजू पूर्ण सुटते. उजवी सुटते पण अर्धीच. तीन-चार तासांनी दोन्ही आधीपेक्षा घट्ट.

नंदुरबार_मिरची
मन्हंबी तसंच शे भाऊ. रातले थेंबाशिवाय झोप येत नही. 

मिरचीचा धंदा, पथारीवर वाळत घातलेली मिरची हलवली की नाक वाहतं आणि मग बंद. मी रेडिओफ्रिक्वेन्सी करून घेतली होती, जागेवर बधिर करून. पहिलं वर्ष-दीड वर्ष फार छान गेलं. आता हळूहळू परत. शिंका तर पहिल्या दिवसापासून तशाच होत्या, त्या काही गेल्या नाहीत. मग हे करून उपयोग काय, असं मला आता वाटतं.

कानघसा_धुळे
नंदुरबारचे भाऊ, तुमच्यावर येतो. आधी चोपड्याचं, कारण त्यांच्या उत्तरात निम्मं निदान आलंय.

हे थेंब अस्तरातल्या रक्तवाहिन्या आवळतात. पाच-सात दिवसांपुरते ठीक. त्यापुढे रोज टाकले की असर उतरल्यावर अस्तर आधीपेक्षा जास्त फुगतं, म्हणून पुन्हा थेंब, आणि दोन टाकण्यांमधलं अंतर कमी होत जातं. तुम्ही 'आधीपेक्षा घट्ट' लिहिलंत ते हेच. म्हणजे तुमच्या बंद नाकातला एक मोठा वाटा त्या बाटलीचा असू शकतो. तो वाटा काढल्याशिवाय टर्बिनेट खरोखर किती मोठं आहे हे ना तुम्हाला कळेल ना सर्जनला. अशा सुजलेल्या अवस्थेत ऑपरेशन केलं आणि थेंब चालू राहिले तर अस्तर परत फुगणार, आणि दोष ऑपरेशनला जाणार.

दुसरं, तुम्ही नकळत आमचीच चाचणी घरी केलीत. आम्ही दुर्बिणीने आधी नाक बघतो, हेच औषध फवारतो, दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा बघतो. टर्बिनेट आकसलं आणि श्वास सुटला तर अडथळा अस्तराच्या सुजेचा आहे. सूज औषधाने उतरवता येते, आणि नाहीच उतरली तर अस्तराच्या आतून कमी करण्याच्या पद्धती तिथे चालतात. औषध मारूनही वाट अरुंद राहिली तर तिथे हाड जाड असेल, पडदा वाकडा असेल किंवा नाकाच्या दाराशीच भिंत आत ओढली जात असेल. तुमची डावी पूर्ण सुटते, उजवी अर्धी. याचा अर्थ दोन बाजूंची गोष्ट एकसारखी नाही.

तुमच्या डॉक्टरांना विचारून पुढचं करा. स्टेरॉइडचा नाकातला फवारा, फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोन, दोन्ही बाजूंना रोज. थेंब एका नाकपुडीत पूर्ण बंद, दुसरीत रात्रीपुरते. पहिली बाजू सुटायला लागली की दुसरीतले बंद. पहिले तीन-चार रात्री फार वाईट जातात, उशी उंच ठेवा. फवारा लगेच नाक सोडत नाही, म्हणून लोक चार दिवसांत तो टाकून देतात आणि 'औषध करून बघितलं' असं सांगतात. आठ ते बारा आठवडे रोज मारल्याशिवाय ते करून बघितलं असं मी धरत नाही.

मारायची रीतही बघा. मान किंचित खाली, डाव्या नाकपुडीला उजवा हात, तोंड पडद्याकडे नव्हे तर डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे. मारल्यावर जोरात ओढायचं नाही, नाही तर सगळं घशात जातं. फवाऱ्याने नाकातून रक्त येत असेल तर बहुधा तो पडद्यावर मारला जातोय.

जिनिंगमधून घरी आल्यावर मिठाच्या पाण्याने नाक धुवा. पाव लिटर उकळून गार केलेलं पाणी, त्यात चहाचा अर्धा चमचा किंवा थोडं कमी मीठ. आणि कामावर रुमालाऐवजी नीट बसणारा मास्क लावा. रुमालातून बारीक धूळ जाते.

आप्पा_धरणगाव
डॉक्टर, एवढं सगळं तीन महिने करायचं आणि शेवटी ऑपरेशनच. साल्याचं सांगतो ना, पूर्ण काढलं, काही त्रास नाही.

भुसावळ_लोको
आप्पा, माझंही ऐका. मी रेल्वेतून निवृत्त. तरुणपणी सलग सर्दी, त्यावेळी दोन्ही बाजूंची टर्बिनेट जवळजवळ पूर्ण काढली. सुरुवातीला वाटलं जग जिंकलं. मग हळूहळू खपल्या धरायला लागल्या, वास यायला लागला, घरच्यांना आधी कळायचा, मला नाही. त्याहून वाईट म्हणजे नाक समोरून बघितलं तर बोगद्यासारखं मोकळं आहे, डॉक्टर म्हणतात हवा छान जाते, आणि मला मात्र श्वास पुरतच नाही असं वाटतं. वैशाखात तर दुपारी नाकाला ओला कपडा लावून बसतो. तुमच्या पाहुण्यांना त्रास नाही हे चांगलंच आहे. माझं माझ्यापुरतं सांगितलं. काढलेलं परत बसवता येत नाही.

कानघसा_धुळे
काका, लिहिलंत ते बरं झालं. आप्पा, तुमच्या पाहुण्यांसारखेही बरेच असतात, पूर्ण काढूनही ठीक. पण कोणाचं काकांसारखं होईल हे आधी ओळखता येत नाही, त्यामुळे मी तो धोका घेत नाही.

काकांना श्वास का पुरत नाही तेही सांगतो, कारण नातेवाईक याला मनाचा खेळ समजतात. श्वास गेला हे आपल्याला मुख्यतः अस्तर गार पडल्यामुळे कळतं. कापूर किंवा मेंथॉल हुंगलं की नाक सुटल्यासारखं वाटतं, प्रत्यक्षात वाट तेवढीच असते, फक्त गारव्याची जाणीव चेतवली जाते. टर्बिनेटबरोबर ती जाणीव देणारं अस्तरच काढलं गेलं तर हवा भरपूर जाते आणि कळत मात्र नाही. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी अशा रुग्णांच्या सीटीत नाक रिकामं दिसलं म्हणून त्याला 'एम्प्टी नोज' नाव दिलं. म्हणूनच आता सर्जन वरचं अस्तर राखून आतला भाग कमी करतात.

नंदुरबारचे भाऊ, रेडिओफ्रिक्वेन्सीमध्ये सुईसारखं टोक अस्तराच्या आत घालून ऊती तापवतात, ती पुढच्या काही आठवड्यांत आकसते. हाडाला हात लागत नाही. सूज असेल तर फायदा होतो, पण ज्या कारणाने सूज आली ते चालू राहिलं तर काही वर्षांत परत येते. मिरचीची पूड आणि बहुधा अ‍ॅलर्जी, दोन्ही तुमच्याकडे चालूच आहेत. शिंका आणि पाणी वाहणं हा वेगळा भाग, त्याला फवारा आणि अ‍ॅलर्जीचं औषध लागतं. तुम्हाला हे आधी कुणी सांगितलं होतं का?

नंदुरबार_मिरची
नाही साहेब. 'नाक सुटेल' एवढंच सांगितलं होतं, आणि सुटलंही होतं. फवारा मग मीच बंद केला, ऑपरेशन झालं म्हणून. परत करून घेता येतं का?

कानघसा_धुळे
परत करता येतं. पण आधी तीन महिने फवारा आणि धुणं नीट करा, मग बघा गरज उरते का. थेंब मात्र आता सोडा, तुमच्या पहिल्या ओळीवरून मला तेच मोठं कारण वाटतं.

चोपडा_जिनिंग
मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय. फवारा तीन महिने रोज मारला. थेंब आधी डावीकडचे सोडले. डॉक्टरसाहेब म्हणाले तशा पहिल्या रात्री बसूनच काढल्या, बायको म्हणाली टाक एकदाचे, पण नाही टाकले. दुसऱ्या आठवड्यात डावी बाजू आपोआप सुटायला लागली. मग उजवीकडचेही बंद केले.

आता डावी दिवसरात्र चालते. उजवी पूर्वीपेक्षा बरी, पण रात्री बंदच, आणि जिना चढताना तोंड उघडावं लागतं. जळगावच्या डॉक्टरांनी पुन्हा दुर्बीण घातली. फवारून पंधरा मिनिटं थांबले, मग स्क्रीनवर मलाही दाखवलं. उजव्या टर्बिनेटचं अस्तर आकसलं, पण ते हाडासकट पडद्याच्या जवळच उभं होतं. मागचं टोकही जाड दिसलं. सीटी पुन्हा बघून म्हणाले हाडही जाड आहे. गाल बोटाने बाहेर ओढून श्वास घ्यायला लावला, त्याने काही फरक पडला नाही. थायरॉइड तपासला, ठीक आला. ते म्हणाले उजव्या बाजूचंच करू, आतून कमी करून हाड बाहेर सरकवू. डावीकडे हात लावायचा नाही. पडद्याचं बघू म्हणाले. यात काही राहिलंय का?

कानघसा_धुळे
तुमच्या डॉक्टरांनी व्यवस्थित पाहिलंय. आता हे खरं टर्बिनेटचं दुखणं आहे असं मी म्हणेन. औषध नीट करून झालं, थेंब सुटले, आणि फवारल्यावरही एक बाजू अरुंद राहते. इथे नुसती रेडिओफ्रिक्वेन्सी पुरणार नाही, कारण ती हाडाचं काही करत नाही. अस्तराला पुढे छोटी चीर देऊन आतून डिब्राइडरने किंवा हत्याराने गर आणि थोडं हाड कमी करायचं, मग उरलेलं हाड बाहेरच्या भिंतीकडे दाबून सरकवायचं. २००३ मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी ३८२ रुग्णांत सहा पद्धतींची तुलना छापली होती. सहा वर्षांनी बघितलं तेव्हा आतून काढून बाहेर सरकवण्याचा परिणाम सगळ्यांत चांगला टिकला होता, आणि पूर्ण काढणं किंवा लेझर यांत खपल्या-कोरडेपणाची तक्रार जास्त होती.

सर्जनला एवढंच विचारा: मागच्या टोकाचं काय करणार आहात? पुढचं मोकळं केलं आणि मागचं तसंच राहिलं तर रात्रीचा त्रास उरतो. तिथे रक्तवाहिनीही जवळ असते, म्हणून सर्जन सांभाळून हात घालतो.

ओटी_सिस्टर_जळगाव
दादा, मी ऑपरेशन थिएटरला असते, घरी काय होतं ते सांगते. हे पूर्ण भुलीत होईल. नाकात बोळा ठेवला तर एक-दोन दिवसांत काढतात. बोळा काढल्यावरही नाक बंदच वाटेल, आतून सूज असते. पेशंट चौथ्या दिवशी फोन करतात की ऑपरेशन फसलं. फसलेलं नसतं. दोन ते चार आठवडे खपल्या धरतात. त्या बोटाने काढायच्या नाहीत, मिठाच्या पाण्याने धुऊन सैल करायच्या. सुरुवातीला नाक जोरात शिंकरायचं नाही, वजन उचलायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवा. पाण्यात मिसळलेलं गुलाबी येतं ते चालतं. धार लागली, किंवा घशातून सारखं ताजं रक्त गिळावं लागलं, तर रात्र असली तरी निघायचं. हे आठव्या-दहाव्या दिवशीही होऊ शकतं, म्हणून त्या दरम्यान लांबच्या लग्नाला जाऊ नका.

तपासणीला मात्र नक्की या. टर्बिनेट आणि पडदा दोन्ही सोललेले असतील तर एकमेकांना चिकटतात. लवकर दिसलं तर तिथल्या तिथे सोडवता येतं. खरा निकाल दीड-दोन महिन्यांनी कळतो.

यावलची_माई
सर, मुलाला दाखवलं. दोन्ही कानांत पाणी आणि अ‍ॅडिनॉइड मोठे निघाले. पुढच्या आठवड्यात परत बोलावलंय. धन्यवाद.

चोपडा_जिनिंग
सिस्टर, फार कामाचं सांगितलंत. आता दोन शंका. पडदा डावीकडे वाकलाय, म्हणून उजवीकडे जागा जास्त होती आणि तिथलं टर्बिनेट वाढत गेलं, असं डॉक्टर म्हणतात. मग पडदा सरळ केला तर तो उजवीकडे सरकेल ना? आणि दुसरं, कधी करू? सीझन संपला की चैत्र-वैशाख, आणि ते ऊन.

भुसावळ_लोको
उन्हाळ्यात नका करू दादा. खपल्यांचे हाल होतात.

कानघसा_धुळे
पहिली शंका बरोबर आहे, आणि त्यावर आम्हा डॉक्टरांतही एकमत नाही. पडदा सरळ केल्यावर वाढलेलं टर्बिनेट काही जणांत आपोआप थोडं बसतं. पण हाड जाड असेल तर ते बसण्याची शक्यता कमी. म्हणून बरेच सर्जन दोन्ही एकत्र करतात, काही आधी एकच करून थांबतात. तुमची डावी बाजू आता दिवसरात्र चालते. मी असतो तर फक्त उजवं टर्बिनेट केलं असतं आणि पडदा सोडला असता. तुमच्या सर्जनने दुर्बिणीतून जे पाहिलंय ते मी पाहिलेलं नाही, त्यांचं मत वेगळं असेल तर कारण विचारा.

वेळेबाबत काकांशी मी निम्मा सहमत. कोरड्या हवेत खपल्या जास्त धरतात हे खरं, पण धुणं दिवसातून चार-पाच वेळा केलं तर निभतं. सीझनमध्ये करून दोन आठवड्यांत पुन्हा कापसाच्या धुळीत उभं राहणं मला जास्त वाईट वाटतं. जमलं तर पाऊस पडल्यावर, जुलै-ऑगस्टमध्ये करा. तोवर फवारा चालू ठेवा, ऑपरेशननंतरही लागेल.

नंदुरबार_मिरची
घोरणं जातं का साहेब यानं? आप्पांच्या साल्याचं गेलं म्हणतात.

कानघसा_धुळे
थोडं कमी होतं कधी कधी. पण झोपेत श्वास अडकत असेल, दिवसा गुंगी येत असेल, तर त्याचा अडथळा बहुतेक घशात असतो आणि नाक मोकळं केल्याने तो क्वचितच जातो. त्यासाठी झोपेची तपासणी वेगळी. तुमची बायको काय सांगते, मध्येच श्वास थांबतो का?

नंदुरबार_मिरची
थांबतो म्हणते. मी लक्ष दिलं नव्हतं.

चोपडा_जिनिंग
जुलैचं ठरवतोय. मागच्या टोकाचं विचारलं, म्हणाले दुर्बिणीखाली तेही कमी करू. पडदा तूर्त नाही.